तुम्ही विचारलंत म्हणून: साडेपाचची वेळ

"मॅडम, दोन वर्षांची ओळख, आणि तुम्ही काकूंना नियमावर बोट ठेवणारा मेसेज पाठवलात? फोन करून गोडीत मिटलं नसतं का?"

फोन तीनदा केला होता. तिन्ही वेळा मधुमेहाच्या नव्या गोळ्यांवर, नातवाच्या शाळेवर, नारायण पेठेतल्या पार्किंगवर बोलणं झालं आणि शेवटी मीच म्हणाले, "चालेल हो काकू, हरकत नाही." फोन ठेवल्यावर कळायचं की ज्यासाठी फोन केला ते राहूनच गेलं.

मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. काकूंच्या सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हापासून त्या घरी जाते, तेव्हा ओळख खरी आहे. या खेपेला पेशंट खुद्द काकू, उजवा खांदा आखडलेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना देते तो अर्धा कागद त्यांनाही दिला होता: भेट रद्द करायची तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवा, नंतर कळवलं तर निम्मी फी, मी दारात आल्यावर रद्द झालं तर पूर्ण. ताप, पडणं, घरात कुणी दवाखान्यात असणं याला फी नाही. आणि मी उशिरा रद्द केलं तर पुढची भेट फुकट. शेवटची ओळ मी दिखाव्यासाठी लिहिलेली नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला आणि मी वळसा घालून पोचूच शकले नाही, त्या दिवसानंतरची भेट काकूंची फुकट झाली होती. काकूंनी कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला. तो तिथेच आहे, लाइट बिलाशेजारी.

ऑगस्टमध्ये नऊ भेटींपैकी पाच रद्द झाल्या. एकदा पाच वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला, तेव्हा मी डेक्कनच्या सिग्नलला स्कूटरवर होते. एकदा जिना चढून बेल वाजवली तर आतून आवाज आला, "अगं डॉक्टर, आज नको गं, पाहुणे आलेत." एकदा तर मी खालीच उभी होते आणि वर गॅलरीत वाळत घातलेला त्यांचा गाऊन दिसत होता.

निम्म्या फीचे साडेतीनशे, यासाठी एवढं? असं मला थेट कुणी विचारत नाही, पण प्रश्नाच्या पोटात ते असतं. पैशाचं मी नाकारत नाही. जाऊन-येऊन पन्नास मिनिटं, पेट्रोल, आणि ऐन वेळी मोकळा झालेला संध्याकाळचा पाऊण तास दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कारण कुणीही पेशंट पाच वाजता फोन आला म्हणून साडेपाचला तयार बसलेला नसतो. पण पैशासाठी असता तर तो मेसेज मी ४ ऑगस्टलाच पाठवला असता. तो २१ तारखेला गेला, त्याला कारण कर्वेनगरचे आजोबा.

आजोबांचा गुडघा जुलैच्या सुरुवातीला बदलला. चौथ्या दिवशी घरी सोडलं, हातात व्यायामाचा छापील कागद. घरी तो कोण करून घेणार? मुलगी नोकरीवरून पाचनंतर येते, आजी स्वतः काठीवर. दोन आठवडे पाय उशीवर सरळ ठेवून आजोबा टीव्ही बघत बसले. मला बोलावलं तेव्हा गोनिओमीटर लावून वाकण्याचा कोन मोजला, गुडघा ६५ अंशांवर अडत होता. दोन आठवड्यांनी तो नव्वदच्या आसपास यायला हवा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं तर नव्वदच्याही पुढे लागतो. ऑपरेशननंतर आत जखमेच्या ऊती धरायला लागतात, सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा वाकवत राहिलं नाही तर त्या घट्ट होतात, आणि मग व्यायामाने दाद देत नाहीत.

मुलगी म्हणाली, "संध्याकाळच्या तीन वेळा द्या ना, मी घरी असते तेव्हा. बाबा माझ्याशिवाय ऐकत नाहीत." मी डायरी उघडली. सोमवार-बुधवार-शुक्रवार साडेपाच, काकू. म्हटलं, "ती वेळ भरलेली आहे." मंगळवार आणि शनिवार दिला, तोही दुपारचा.

दुपारी आजोबा झोपेतून उठलेले असत. आजी दारात उभ्या राहून "पुरे आता, त्यांना दुखतंय" म्हणत. टाच पलंगावरून घासत मागे घ्यायला लावायची, दहादा सांगितलं की चारदा होई, आणि मधल्या दिवशी काहीच नाही. ६५, मग ७०, ७२, पुन्हा ७०. पायाची पोटरी धरून शेवटच्या टोकाला हलका दाब दिला की हाताला कळतं काय अडवतंय. सूज असेल तर टोक मऊ लागतं, थोडं पुढे सरकतं. इथे ते चामडी पट्टा ओढल्यासारखं लागायला लागलं होतं. मला ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हाताला जाणवलं, आणि त्याच आठवड्यातल्या बुधवारी साडेपाचला मी नारायण पेठेतल्या जिन्यावरून परत उतरत होते.

१९ तारखेला सर्जननी सांगितलं, भूल देऊन गुडघा मोडून वाकवावा लागेल. मोडून म्हणजे हाड नव्हे, आत धरलेल्या ऊती. मुलगी फोनवर रडली नाही, पण म्हणाली, "तुम्ही तेव्हा संध्याकाळ दिली असती तर?" मी काय सांगणार? की संध्याकाळ होती, फक्त ती मी कुणाच्या तरी नावाने राखून जिन्यात घालवत होते?

खरं सांगायचं तर संध्याकाळ दिली असती तरी कदाचित हेच झालं असतं. पहिले दोन आठवडे तर माझ्याकडे येण्याआधीच गेले होते, आणि काही गुडघे सगळं नीट करूनही धरतात. हे मला माहीत आहे. तरी डायरीतलं ते पान मी दोनदा उघडून बघितलं. आणि भूल देऊन वाकवल्यावर पहिले दोन आठवडे रोज व्यायाम लागतो, नाहीतर गुडघा पुन्हा धरतो. म्हणजे आता ती वेळ हवीच होती.

२० तारखेला, बुधवारी, काकूंचा मेसेज पाच वाजून अठरा मिनिटांनी आला.

त्या रात्री मी जे लिहिलं ते पाठवलं नाही, बरं झालं. त्यात "नेहमीच", "सारखं सारखं" आणि "माझ्याही वेळेला किंमत आहे" हे सगळं होतं. "नेहमीच" लिहिलं की समोरचा माणूस न चुकलेले चार दिवस मोजून दाखवतो, आणि ते चार दिवस खरे असतात. मग दुसरा लिहिला, तो इतका गुळमुळीत की काकूंनी उत्तरात अंगठा दाखवून सोडून दिला असता. जुना चॅट वर सरकवत गेले तर पाचही वेळा खाली माझंच उत्तर, "हरकत नाही काकू" आणि हसरा चेहरा. कागद फ्रिजवर होता, पण तो लागू नाही असं मीच पाचदा लिहून दिलं होतं. आता मागचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, त्यांची पूजा आटोपल्यावर, हा पाठवला:

"नमस्कार काकू. ४, ८, १३, १८ आणि २० ऑगस्टच्या भेटी त्याच दिवशी रद्द झाल्या. पहिल्या दिवशी दिलेल्या कागदाप्रमाणे आदल्या रात्री आठनंतर रद्द झालेल्या भेटीची निम्मी फी असते, दारात आल्यावर पूर्ण. या पाच वेळा मी ती लावली नाही आणि मागणारही नाही; तेव्हा न बोलणं ही माझी चूक. सोमवार २५ तारखेपासून मात्र हा नियम लागू राहील. रद्द करताना कारण सांगायची गरज नाही, फक्त वेळेत कळवा. साडेपाचची ठरलेली वेळ जमत नसेल तर ती सोडून, मला ज्या दिवशी मोकळीक असेल त्या दिवशी दुपारी बारा ते दोनमध्ये भेट ठरवू. तिथेही कागद हाच. काय बरं पडेल ते शनिवारपर्यंत कळवाल? खांद्याचे काठीचे व्यायाम तोवर चालू ठेवा."

ज्यांना "नियमावर बोट" टोचलं त्यांना सांगते, मी तारखा लिहिल्या त्या पुरावा म्हणून नाही. तारीख लिहिली की विशेषण लिहावं लागत नाही. मागचं सोडलं ते उदारपणा म्हणून नाही, माझ्या पाच हसऱ्या चेहऱ्यांची ती किंमत होती. आणि फोनवर हे बोलले असते तर काकूंना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं असतं, स्वयंपाकघरात सून ऐकत असताना. मेसेज एकटीने दोनदा वाचता येतो. आजोबांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तो भार काकूंवर टाकायचा मला हक्क नव्हता, आणि एका पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते.

एका ओळीचा मला अभिमान होता: "कारण सांगायची गरज नाही." सभ्य वाटली होती. एरवी माणसं खोटी कारणं रचतात, तेवढी त्यांची सुटका.

उत्तर शनिवारी आलं. "बारा ते दोन चालेल. रागावले नाहीये. कारण सांगायचं नाही म्हणालीस, पण सांगते. तू येऊन गेलीस की त्या रात्री खांदा इतका ठणकतो की कूस बदलता येत नाही. तुला कसं सांगायचं, तू इतकं मन लावून करतेस."

आखडलेल्या खांद्याचा पहिला टप्पा दुखण्याचा असतो. त्या टप्प्यात जोर लावून ताणलं तर दुखणं वाढतं. शेक, हलके झोके, दुखेल त्याच्या अलीकडे थांबणं, एवढंच करायचं. मी विद्यार्थ्यांना हे शिकवते. पण काकूंचा हात बाहेर वळवताना दहा अंशांवर अडत होता, ब्लाउजचा हूक लावता येत नव्हता, आणि मला अंश दिसत होते. रात्री झोप लागते का, हे मी पहिल्या आठवड्यानंतर विचारलंच नव्हतं.

म्हणजे मेसेज चुकला का? मला तसं वाटत नाही. साडेपाचची वेळ २५ तारखेपासून आजोबांना गेली, ती जायलाच हवी होती. पण पाच भेटी पाहुण्यांनी खाल्ल्या नव्हत्या, निदान सगळ्या नाही. पहिल्याच रद्द भेटीला "हरकत नाही" ऐवजी "का हो काकू?" विचारलं असतं तर कागदाची वेळच आली नसती, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, विचारलं असतं तरी काकूंनी पाहुणेच सांगितले असते. त्या मेसेजमुळेच खरं बोलल्या. की सभ्यपणाच्या त्या ओळीला न जुमानता बोलल्या? मला ठरवता येत नाही.

आता दुपारी बाराला जाते. पंधरा मिनिटं शेक, मग हात टेबलावरून सोडून झोके, जोर नाही. हूक अजून लागत नाही, झोप लागते. मागच्या आठवड्यात काकूंनी एक भेट रद्द केली. मेसेज आदल्या रात्री सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आला.