शेअर-मूल्यांकनाची वही: ख्यातीचा आकडा आणि दोन पद्धतींमधली दरी

मागच्या नोंदीत निव्वळ मालमत्ता पद्धत वेगळी सोडवली होती. या वेळी एकच काल्पनिक कंपनी घेऊन ती आणि कमाईवरून मूल्य काढणारी उत्पन्न पद्धत, अशा दोन्ही पद्धती लावल्या आणि सरासरी काढली. उत्तर लगेच आलं. पण दोन आकड्यांत एवढं अंतर का, हे शोधताना जास्त मजा आली.

कंपनीचे दहा रुपये दर्शनी मूल्याचे, पूर्ण भरलेले ४०,००० समभाग आहेत. शिवाय १०% दराचे १,००,००० रुपयांचे अग्रहक्क भाग आणि १,१०,००० रुपयांचे धनको. पुस्तकात इमारत २,५०,००० ची होती, आजच्या भावाने ती ४,००,००० ची निघाली. यंत्रं २,००,०००, गुंतवणूक ६०,०००, माल १,२०,००० आणि ऋणको १,१०,०००. प्राथमिक खर्च ताळेबंदात २०,००० दिसतात, पण ते विकून काही मिळत नाही, म्हणून सोडून दिले. व्यवस्थापनाने ख्याती ७०,००० सांगितली, ती तूर्त मान्य केली.

मालमत्तेची बेरीज ९,६०,०००. धनको आणि अग्रहक्क भाग वजा केले की समभागधारकांसाठी ७,५०,००० उरतात, म्हणजे शेअरमागे १८.७५ रुपये.

आता उत्पन्न पद्धत. तीन वर्षांचा करपूर्व नफा ९६,०००, १,०८,००० आणि १,४०,०००. शेवटच्या वर्षात जुनं यंत्र विकून झालेला १२,००० चा नफा मिसळलेला आहे. तो दरवर्षी येणारा नाही, म्हणून तिथे १,२८,००० धरले. नफा चढता असल्यामुळे १, २, ३ असे भार दिले, तेव्हा सरासरी १,१६,००० आली. २५% कर गेल्यावर ८७,००० उरले.

इथे एक दुवा सहज निसटतो. इमारतीची किंमत दीड लाखाने वाढवली, तर तिचा घसाराही वाढायला हवा. २% ने तो ३,००० होतो. पुनर्मूल्यांकनावरच्या या घसाऱ्याला करात सूट धरली नाही, म्हणून तो कर वजा केल्यानंतरच काढला. ८४,००० मधून अग्रहक्क लाभांशाचे १०,००० गेले की ७४,००० राहतात. भरणा झालेल्या ४,००,००० भांडवलावर हा दर १८.५% पडतो. अशा धंद्यात अपेक्षित परतावा १२.५% धरला, तर १८.५ भागिले १२.५ गुणिले १०, म्हणजे १४.८० रुपये. दोन्हींची सरासरी १६.७८ च्या आसपास.

घसारा विसरला असता तर उत्पन्न मूल्य १५.४० दिसलं असतं. एका बाजूला वाढीव इमारत मोजायची आणि दुसऱ्या बाजूला तिचा खर्च मोजायचा नाही, अशा दोन आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही.

मग ख्यातीकडे वळलो. ख्याती म्हणजे नेहमीपेक्षा जास्त नफा कमावण्याची ताकद. ख्याती सोडली तर समभागधारकांची मालमत्ता ६,८०,००० आहे. तिच्यावर १२.५% दराने ८५,००० नफा हवा, प्रत्यक्षात मिळतो ७४,०००. म्हणजे जादा नफा नाहीच, उलट ११,००० कमीच पडतात. मग ७०,००० ची ख्याती आली कुठून? मला ती पटत नाही. ती काढली की मालमत्ता मूल्य १७.०० आणि सरासरी १५.९०. शेअरमागे जवळपास ८८ पैसे फक्त व्यवस्थापनाच्या शब्दावर उभे होते.

गंमत अशी की अपेक्षित दर १०% धरला, तर चित्र उलटतं. उत्पन्न मूल्य १८.५० येतं आणि थोड्या ख्यातीलाही जागा होते, कारण तेव्हा ६८,००० पुरतात. ७४,००० ला ६,८०,००० ने भागलं की सीमा सापडते: साधारण १०.९%. अपेक्षित दर याहून जास्त मानणाऱ्याने ख्याती जोडणं म्हणजे एकाच उत्तरात दोन उलट मतं मांडणं. आता कुठलंही गणित सोडवताना सरासरीआधी ही तपासणी करतो.

एक गोष्ट मात्र सरासरीने सुटत नाही. कंपनी ७४,००० पैकी २४,००० राखीव निधीत टाकते असं मानू. मग लाभांशाला उरतात ५०,०००, म्हणजे १२.५%, आणि लाभांशावर काढलेलं उत्पन्न मूल्य येतं नेमकं दहा रुपये. थोडे शेअर घेणाऱ्याच्या हातात लाभांशच पडतो, निधी किती ठेवायचा हे तो ठरवू शकत नाही. त्याच्यासाठी मी सरासरीपेक्षा दहाच्या जवळचा आकडा धरेन. कंपनीचा ताबा घेणाऱ्याला पूर्ण कमाई आणि मालमत्ता दोन्ही मोजता येतात, तिथे १५.९० योग्य वाटतो.

पुढची नोंद अर्धवट भरलेल्या शेअर्सची. यातले १०,००० शेअर साडेसात रुपयेच भरलेले मानून, न मागितलेले २५,००० आधी मालमत्तेत काल्पनिक जोडायचे आणि भागाकार झाल्यावर त्या शेअरच्या मूल्यातून अडीच रुपये वजा करायचे.