साखर खाऊनही थरथर थांबेना

मावशी नऊ वर्षांपासून माझ्याकडे येतात. वय ५४. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्यांवर त्यांची साखर चांगली आटोक्यात असायची. मात्र गेले तीन महिने उपाशीपोटी २१०, जेवणानंतर ३२० असे आकडे येऊ लागले होते. मी ग्लिमेपिराइड दोनदा वाढवलं, तरी फरक नाही. वजन सहा किलोंनी उतरलं होतं. साखर चढली की वजन उतरतंच, म्हणून मी तिथेच थांबलो होतो.

त्या दिवशी सूनबाई तक्रार घेऊनच आल्या. "डॉक्टर, या लपून साखर खातात." मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "लपून कशाला खाईन? हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. साखर कमी झाली की असंच होतं, हे तुम्हीच सांगितलं होतं ना? म्हणून दोन चमचे तोंडात टाकते."

खरंच, मीच सांगितलं होतं. "आत्ता होतंय का तसं?" म्हटलं तर मान हलवली. लगेच बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर २६८. म्हणजे ही थरथर साखर उतरल्याची नव्हतीच.

नाडी धरली. तळवा गरम आणि ओलसर. बसल्या जागी ठोके ११६. हात पुढे करायला सांगून बोटांवर कागद ठेवला, तर त्याची कड सारखी थरथरत होती. गळ्यावर हात ठेवला, मावशींना आवंढा गिळायला लावला, तेव्हा थोडी वाढलेली थायरॉइड ग्रंथी बोटांखालून सरकली. तीन महिन्यांत मी त्यांचा गळा एकदाही तपासला नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

रिपोर्ट आला. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी-४ बरंच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त संप्रेरक बनवत होती. पुढच्या तपासणीत ग्रेव्हज आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला चेतवते तो आजार, ठरला.

सूनबाईंना मी समजावलं की थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की यकृत रक्तात साखर सोडत राहतं, नवीही बनवतं. खाल्लेली साखर आतड्यातून लवकर शोषली जाते आणि इन्सुलिन शरीरातून भराभर निघून जातं. चमचाभर साखरेने आकड्यात भर पडत होती, पण मूळ कारण गळ्यात होतं.

थायरॉइडचं संप्रेरक कमी करणारं कार्बिमॅझोल आणि धडधड, थरथर कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. ताप आला किंवा घसा दुखला तर कार्बिमॅझोलची गोळी थांबवून लगेच रक्त तपासायला या, हे दोघींना बजावलं. तिच्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका क्वचितच, पण गंभीर असतो. दुसरी काळजी साखर उतरण्याची होती. थायरॉइड आटोक्यात येईल तशी वाढवलेली ग्लिमेपिराइड जास्त होणार, आणि प्रोप्रॅनोलॉलमुळे थरथर व धडधड जाणवणार नाही. म्हणून त्यांना सांगितलं, "आता थरथरीवर विसंबू नका. घाम आला की आधी मशीन, मग साखर."

सहाव्या आठवड्यात सकाळी सूनबाईंचा फोन आला. "घाम आलाय, मशीनवर ६४ दाखवतंय." "आत्ता साखर द्या," मी म्हटलं, "पंधरा मिनिटांनी परत तपासा." दुसऱ्यांदा ९८ आली. त्याच दिवशी ग्लिमेपिराइड पूर्वीच्या मात्रेवर आणलं.