अनुवाद-सराव, उतारा १४: तीन ‘होतं’, त्यातलं एकच टिकलं

या आठवड्यात नवा उतारा घेतला नाही. मागच्या रविवारी केलेलं इंग्रजी भाषांतर चार दिवस वहीत झाकून ठेवलं होतं, ते गुरुवारी तपासायला काढलं. उतारा माझाच, घरगुती. तुम्हालाही करून बघता यावा म्हणून आधी मूळ देते.

“परवा आत्या आली होती. येताना तिने फणसाचे गरे आणले होते. आई म्हणाली, ‘एवढं कशाला आणायचं?’ आत्या म्हणाली, ‘मी कुठे विकत आणलेत? परसातलाच फणस आहे.’ गरे खाऊन झाल्यावर बाबा जमिनीच्या वाटणीचं बोलून बसले आणि आत्याचा चेहरा उतरला. आईने विषय बदलला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. निघताना दारात आत्या म्हणाली, ‘येते हं.’”

तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. पहिल्या फेरीत मूळ शेजारी ठेवून फक्त अर्थ बघायचा. दुसऱ्या फेरीत मूळ बंद करून नुसतं इंग्रजी मोठ्याने वाचायचं. वाक्प्रचार कुठे अडखळतो ते कानाला कळतं. व्याकरण शेवटी. पूर्वी मी व्याकरणापासून सुरुवात करायची. त्यात तोटा असा की ‘अ’ आणि ‘द’ दुरुस्त करत बसलेलं वाक्य मग अर्थासाठी पुरतं बदलावं लागतं आणि आधीची मेहनत फुकट जाते.

यावेळी चौथी फेरीही केली. न्यू जर्सीत वाढलेला माझा भाचा सुट्टीला आला आहे. त्याला मराठी बोललेलं थोडंफार कळतं, वाचता येत नाही. त्याला फक्त इंग्रजी वाचायला दिलं आणि विचारलं, “काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.” ‘कसं वाटलं’ असं विचारलं की माणसं ‘छान’ म्हणतात. ‘काय झालं’ विचारलं की चूक उघडी पडते.

तो पहिल्याच वाक्यावर थांबला. मी लिहिलं होतं, “माय आंट हॅड कम द डे बिफोर यस्टर्डे.” तो म्हणाला, “मावशी, ती आली होती, आणि मग काय घडलं?” ‘हॅड कम’ वाचल्यावर इंग्रजी वाचक पुढच्या घटनेची वाट बघतो, कारण भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी झाली हे सांगण्यासाठीच तिथे ‘हॅड’ येतो. मराठी ‘आली होती’ हे काम करतंच, पण आणखीही एक करतं. ‘आत्या आली’ म्हणजे आत्ता आली, ‘आत्या आली आहे’ म्हणजे अजून घरात आहे, आणि ‘आत्या आली होती’ म्हणजे येऊन गेली. प्रसंग मिटला, एवढंच तो ‘होती’ सांगतो. म्हणून ‘काल बाजारात गेलो होतो’ याचं आपल्या तोंडून सहज ‘आय हॅड गॉन’ होतं, आणि तिथे साधं ‘आय वेन्ट’ हवं असतं.

मग उताऱ्यातल्या तिन्ही ‘होतं’खाली पेन्सिलने रेघ मारली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हे भूतकाळातल्या कुठल्या दुसऱ्या घटनेच्या आधी पूर्ण झालं, आणि ती घटना इथे लिहिलेली आहे का? ‘आली होती’ला उत्तर नाही. ‘आणले होते’ तर ‘येताना’ला जोडलेलं आहे, आधी-नंतरचा प्रश्नच नाही. तिसरं ‘होऊन गेलं होतं’ मात्र खरं निघालं: आईने विषय बदलला त्याच्या आधीच नुकसान झालं होतं, आणि ‘तोवर’ हा शब्द ते स्पष्ट सांगतोय. तिथे “बाय देन द डॅमेज हॅड बीन डन” असंच राहिलं. गंमत म्हणजे पहिले दोन ‘हॅड’ काढल्यावर या तिसऱ्याला जोर आला. आधी तो गर्दीत हरवला होता.

पहिलं वाक्य आता असं आहे: “माय फादर्स सिस्टर केम ओव्हर द अदर डे अँड ब्रॉट अस सम जॅकफ्रूट.” ‘केम ओव्हर’मध्ये भेटीला आली, राहायला नाही, हे येतं. आणि नुसतं ‘आंट’ इथे चालणार नव्हतं. वाटणी निघाली ती बहीण-भावात. ‘आंट’ वाचून भाच्याला ती आईची बहीण वाटली आणि तिचा चेहरा का उतरला ते समजेना. ही चूक व्याकरणाच्या फेरीत कधीच सापडली नसती, वाक्य तर निर्दोष होतं.

‘बोलून बसले’चं मी “स्पोक अबाउट” केलं होतं. (‘सॅट’ लिहिलं नाही, एवढं आता जमतं.) पण त्यात अर्थाचा गाभा गेला. इथलं ‘बसणे’ म्हणजे करू नये ते करून मोकळं होणं, मग ते परत घेता येत नाही. इंग्रजीत याला जवळचा पर्याय आहे आणि तोही एका साध्या क्रियापदाचाच: “फादर वेन्ट अँड ब्रॉट अप द डिव्हिजन ऑफ द लँड.” आपण बसतो, ते जातात. चूक हातून घडल्याची चुटपुट दोन्हीकडे सारखी.

‘चेहरा उतरला’ला मी घाबरून “शी बिकेम सॅड” लिहिलं होतं. शब्दशः करायचं नाही हा धडा जरा जास्तच मनावर घेतला. इंग्रजीत “हर फेस फेल” हा रुळलेला प्रयोग आहे. शब्दशः जुळत असेल तर तो सोडायचं कारण नाही, फक्त जुळतंय याची शब्दकोशात खात्री करून घ्यायची.

‘मी कुठे विकत आणलेत?’ याचं “व्हेअर डिड आय बाय देम?” झालं की आत्या दुकानाचा पत्ता विचारते आहे असं वाटतं. आपला हा ‘कुठे’ जागेचा नसून नकाराचा आहे. “इट्स नॉट अ‍ॅज इफ आय बॉट इट.” आईचं ‘कशाला आणायचं’ही प्रश्न नाहीच. मी लिहिलेलं “व्हाय टू ब्रिंग सो मच?” व्याकरणात चुकलं, कारण ‘व्हाय’नंतर ‘टू’ येत नाही. पण ते सुधारून “व्हाय ब्रिंग सो मच?” केलं तरी आई तक्रार करतेय असं ऐकू येतं. “ओह, यू शुडन्ट हॅव” ठेवलं. भाच्याने तेच वाचून आई खूश असल्याचं सांगितलं.

‘येते हं’ अजून सुटलेलं नाही. “आय अ‍ॅम कमिंग” चूकच, त्यात ती घरात शिरतेय. “आय विल बी ऑफ, देन” हा निरोप बरोबर आहे, पण त्यात परत येण्याचा शब्द नाही, आणि चेहरा उतरलेली बाई तरीही ‘येते’ म्हणते यावरच तर उतारा संपतो. सध्या “आय विल कम अगेन” लिहून बाजूला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आहे. इंग्रजीत ते ठरवून दिलेल्या आश्वासनासारखं वाटतं, मराठीत तो निव्वळ रिवाज आहे. कुणाला याहून बरं सुचलं तर जरूर कळवा. मी रविवारी ‘होतो-होती-होतं’ने भरलेला बालपणीचा उतारा घेणार आहे, तोवर हे प्रश्नचिन्ह तसंच राहील.