तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोट मोडत नाही का?

"रोबोटला चुका करत शिकायला सोडता, मग तो मोडत नाही का?"

मोडतो. माझा पहिला गिअरबॉक्स आठवड्यात गेला, तोही कुठे आपटून नाही, नुसता थरथरून.

टेबलावर एक मोटर, तिच्यावर आडवा हात, हाताच्या टोकाला मोकळी लोंबणारी काडी. हात डावी-उजवीकडे फिरवून काडीला झोके द्यायचे, ती उभी करायची आणि उभीच ठेवायची. करून पाहत, मिळालेल्या गुणांवरून शिकण्याच्या या पद्धतीला, म्हणजे रीइन्फोर्समेंट लर्निंगला, धडपड लागते, म्हणून सेकंदाला ५० आज्ञा जात होत्या आणि प्रत्येकीत मी नवा यादृच्छिक आकडा मिसळत होतो. हात जागच्या जागी खरखरायचा, गिअरचे दात एकमेकांवर आपटायचे आणि काडी ढिम्म. आता तो आकडा दर वेळी आधीच्यापासून थोडाच सरकतो. हात थोडा वेळ एकाच बाजूला जातो, मग परततो, आणि काडीला खरा झोका मिळतो. फरक कानाला लगेच कळतो.

हातातून वायर जाते, त्यामुळे तो मधल्या जागेपासून १०० अंशांपलीकडे वळू द्यायचा नाही. ही तपासणी शिकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाही, मोटरजवळच्या मायक्रोकंट्रोलर या छोट्या चिपमध्ये आहे. लॅपटॉप अडकला आणि दशांश सेकंदात आज्ञा आली नाही, तरी मायक्रोकंट्रोलरच मोटर बंद करतो.

मर्यादा ओलांडली की डाव, म्हणजे शिकण्याचा एक प्रयत्न, संपतो, आणि इथेच मी फसलो. काडी खाली असेल तर दर आज्ञेला उणे एक गुण, असा हिशोब ठेवला होता. दहा सेकंदांचा डाव म्हणजे उणे ५००. दोन संध्याकाळींनंतर पाहतो तर हात सुरू होताच थेट मर्यादेकडे धावतोय! वीसेक आज्ञांत डाव संपवला की उणे २०वर सुटका. बरोबरच होतं त्याचं. मग गुण उलटे केले: लोंबत असताना शून्य, उभी असताना एक. आता लवकर मरण्यात तोटा.

दोन डावांच्या मध्ये काडी पुन्हा स्थिर हवी, आणि रात्रभर मी हाताने थांबवत बसणार नाही. २०२२ साली बर्कलीच्या संशोधकांनी खऱ्या चार पायांच्या रोबोटला २० मिनिटांत चालायला शिकवलं, त्याला पडल्यावर उठण्याचीही वेगळी शिकवणी लागली होती. माझं काम गुरुत्वाकर्षण करतं. हात सावकाश मध्ये येतो, मग काडीचा वेग सलग एक सेकंद शून्याजवळ राहीपर्यंत थांबायचं. तोवर लॅपटॉप आधीच्या डावावरून शिकून घेतो. अर्ध्या मिनिटात स्थिर झाली नाही, तर सगळं बंद आणि बझर.

कोन सरळ उभ्या काडीपासून मोजतो, म्हणून स्थिर लोंबणाऱ्या काडीचा कोन १८० अंश दिसायला हवा. एका रात्री कोन मोजणारा एन्कोडर मोजणीत घसरत गेला, आणि सकाळी रोबोट तिरक्या काडीला सरळ समजून तिच्यामागे गोल पळत होता. आता डावाआधी १७७ दिसले तरी पुढचा डाव सुरू होत नाही.