खुर्चीचा मागचा पाय

धुळे, बुधवार

सागाची जेवणाची खुर्ची, मागचा डावा पाय बैठकीच्या खाली वीतभर अंतरावर तिरका फाटलाय. पाय ३८ मिमी चौरस, फाट साधारण ७५ मिमी लांब. मागचा पाय इथेच का जातो ते रेषे पाहिले की कळतं. पायाला मागे वळण आहे, पण तो कापलाय सरळ फळीतून. त्यामुळे वळणापाशी रेषे पायाच्या लांबीला समांतर न राहता तिरके बाहेर निघतात. जेवण झाल्यावर कुणी मागच्या दोन पायांवर रेलून बसलं की सगळा भार त्याच जागी येतो.

याआधी कुणीतरी पांढरा गोंद लावून वरून दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या होत्या. चुकांनी फाट वाढवली, आणि आता सांधा जोडायचाय इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून होणाऱ्या चिकटद्रवाने; वाळलेल्या गोंदाचा थर त्याला लाकडापर्यंत पोहोचू देणार नाही. चुका काढल्या. गोंद गरम पाण्याने भिजवून जुन्या टूथब्रशने घासून काढला. पटाशी किंवा काचपेपर फाटीला अजिबात लावायचा नाही. तुटलेल्या दोन बाजू एकमेकींच्या साच्यासारख्या असतात, घासल्या की तो साचा गेला. आता दोन दिवस सावलीत वाळत ठेवायचं. सध्याच्या कोरड्या हवेत तेवढं पुरतं, पावसाळ्यात आठवडा धरावा.

शुक्रवार, दुपार

कोरडी जुळवणी. दोन्ही तुकडे जोडून खिडकीसमोर धरले तर एका कडेने उजेड दिसतो, म्हणजे कुठेतरी काहीतरी अडतंय. बहुतेक वेळा एखादाच वाकलेला रेषा असतो. सुईने उचलून जागेवर बसतो का पाहायचं, नाही बसला तर तेवढाच ब्लेडने कापायचा. इथे तीन कापावे लागले. मग नख सांध्यावरून आडवं फिरवलं, कुठे अडकलं नाही. जुळलेल्या अवस्थेत दोन बाजूंना पेन्सिलीने आडव्या खुणा केल्या. इपॉक्सी लागल्यावर तुकडे साबणासारखे सरकतात, तेव्हा या खुणांचाच आधार.

क्लॅम्पही आत्ताच कोरडे लावून पाहिले. तिरक्या फाटीवर नुसता आडवा दाब दिला तर वरचा तुकडा उतारावरून खाली घसरतो. म्हणून आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बैठकीवरून पायाच्या टोकाखालून ताणून बांधायची, म्हणजे लांबीच्या दिशेने तुकडे एकमेकांत बसतात. मग बाजूंना लाकडाच्या सरळ पट्ट्या आणि दोन क्लॅम्प. पट्ट्यांना दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलंय, त्याला इपॉक्सी चिकटत नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

सहा वाजेपर्यंत थांबलो ते मुद्दाम. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे बाहेर येतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढला जातो. शिवाय तापमान १० अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. पाकिटावर २५ अंशांना दीड तास लिहिला असेल तर चाळिशीत जेमतेम अर्धा तास मिळतो. पाच मिनिटांत बसणारा इपॉक्सी या कामाला नकोच. लाकडाने तो प्यायच्या आधीच तो घट्ट होतो.

सागात तेल असतं. पांढरं फडकं ॲसिटोनमध्ये बुडवून दोन्ही बाजू पुसल्या, फडक्यावर पिवळा डाग येईनासा होईपर्यंत. पंधरा मिनिटं उडू दिलं आणि लगेच कामाला लागलो, कारण उशीर केला तर तेल आतून पुन्हा वर येतं.

आपल्या पाकिटावर प्रमाण आकारमानाने निम्मं-निम्मं आहे. दोन वेगळ्या सिरिंजने ४ मिली रेझिन, ४ मिली हार्डनर. वजनाने मोजलं तर प्रमाण वेगळं येतं, तेव्हा काटा वापरायचा असेल तर पाकिटावरचा वजनाचा आकडा घ्यावा. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं हा समज चुकीचा आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडी मिळत नाही आणि सांधा रबरासारखा मऊ राहतो. वाटीऐवजी फरशीच्या तुकड्यावर पसरून तीन मिनिटं घोटलं, कडा खरवडून आत घेत, रेघा दिसेनाशा होईपर्यंत. वाटीत गोळा राहिला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापून हातात दगड होतो. हातमोजे घालावेतच, हार्डनर कातडीला झोंबतो.

पहिला हात नुसत्या पातळ मिश्रणाचा, दोन्ही बाजूंना. दहा मिनिटांनी पाहिलं तर रेष्यांची तोंडं उघडी पडलेल्या जागा कोरड्या दिसत होत्या. तिथे पुन्हा लावलं. उरलेल्यात वस्त्रगाळ केलेला सागाचा भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलं, एका बाजूला लावलं, जोडलं, ट्यूब ताणली, क्लॅम्प लावले.

इथेच सवय आड येते. शेजारचे सुतारकाका बघत होते, म्हणाले, “जोरमा आवळ ना भो!” पांढऱ्या गोंदाला ते बरोबर आहे, त्याला दाब लागतो आणि थर जितका पातळ तितका चांगला. इपॉक्सीला मात्र लाकडांमध्ये स्वतःचा थर हवा असतो. आवळून तो पिळून काढला की सांधा उपाशी राहतो आणि महिन्याभरात सुटतो. सुटलेल्या सांध्यात नुसतं लाकूड दिसलं, चकाकी कुठेच नसली, तर समजायचं की क्लॅम्प जास्त आवळला होता. सगळ्या कडेने बारीक मण्यांची ओळ बाहेर आली की थांबायचं. ती पुसायची नाही, फडक्याने इपॉक्सी छिद्रांत शिरतो आणि तिथे पॉलिश धरत नाही. रात्री उशिरा मणी च्युइंगमसारखे झाले, तेव्हा पटाशीने सोलून काढले.

रविवार

सांधा पक्का वाटतोय, पण त्यावर बसू नये. तिरक्या सांध्याला अखंड लाकडाच्या जवळपास ताकद यायला उतार जाडीच्या आठपट लांब लागतो. आपली फाट जाडीच्या दुप्पटच आहे. मोठा भाग रेष्यांच्या तोंडाशी तोंड आलेला, आणि तिथली पकड कमकुवत.

बरेच जण आडव्या लाकडी खुंट्या ठोकतात. त्या सरकणं थांबवतात, पण पाय मागे वाकताना सांधा उघडू लागला तर फारशा उपयोगी पडत नाहीत. लांबीच्या दिशेने नवी पट्टी बसवणं बरं. पायाच्या मागच्या बाजूने मध्यावर १० मिमीच्या बिटाने ओळीने २५ मिमी खोल भोकं पाडली, पटाशीने साफ करून २०० मिमी लांब खाच केली. फाटीच्या दोन्ही टोकांपुढे साठेक मिलिमीटर लाकूड मिळालं. पट्टी सरळ रेष्यांच्या सागाची, जाडी ९.५ मिमी. हाताने सहज आत जावी, हातोडी लागली तर ती जाड आहे. पुन्हा ॲसिटोन, ६ मिली अधिक ६ मिली, आधी पातळ, मग घट्ट. पट्टी मिलिमीटरभर बाहेर ठेवली, रंध्याने नंतर सपाट करता येते.

बुधवार

रंधा, काचपेपर, पॉलिश झालं. मागून पट्टीची रेघ दिसते, दिसू दे.

खुर्ची परत नेताना तिच्या मालकांना एकच सांगितलं, दुपारी अंगणात ठेवू नका. साधा घरगुती इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि वैशाखात गडद पॉलिशचं लाकूड उन्हात तेवढं तापतं. त्यांनी ती ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीच्या बाजूला ठेवलीय.