प्रोलिन कितव्या जागेवर आहे?

टीवायच्या जवळजवळ प्रत्येक वहीत एक वाक्य सापडतं: ‘प्रोलिन अल्फा हेलिक्स मोडतं.’ प्रोलिन हे एक अमिनो आम्ल, आणि अल्फा हेलिक्स म्हणजे प्रथिनाच्या साखळीने घेतलेला स्प्रिंगसारखा आकार. गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात याच वाक्याची झाडाझडती झाली. लोकल रखडल्यामुळे वर्ग अर्धाच भरला होता, म्हणून नवा धडा न घेता मी बिलाच्या रोलची एक लांब पट्टी कापून टेबलावर पसरली.

पट्टीवर डावीकडून 1 ते 12 आकडे, म्हणजे बारा अमिनो आम्लं. प्रत्येक आकड्याखाली लाल ठिपका NH चा आणि निळा ठिपका CO चा. बाजूच्या साखळ्या काढल्याच नाहीत, कारण हेलिक्स बांधून ठेवणारे बंध साखळीच्या कण्यातल्या या दोन गटांमध्येच होतात. नियम एवढाच, की प्रत्येक CO पुढच्या चौथ्या आम्लाच्या NH शी हायड्रोजन बंध करतो. 1 चा CO 5 च्या NH शी, 2 चा 6 शी. एका वळशात 3.6 आम्लं बसतात, त्यामुळे चार जागा पुढचा NH बरोबर त्या CO च्या समोर येतो.

मुलांनी रेघा ओढल्या. शेवटची रेघ 8 पासून 12 पर्यंत गेली आणि पट्टी संपली. बारा आम्लं, पण बंध आठच. पहिल्या चार आम्लांचे NH आणि शेवटच्या चारांचे CO रिकामे राहिले. लहान हेलिक्स पाण्यात सहज उलगडते, तिची टोकं सैल असतात, त्याचं एक कारण इथे डोळ्यांनी दिसतं.

मग मी 7 वर प्रोलिन लिहिलं. त्याची बाजूची साखळी वळून कण्यातल्या नायट्रोजनलाच जोडलेली असते, म्हणून साखळीत गुंफल्यावर त्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरत नाही. 3 ते 7 ही रेघ खोडावी लागली. शिवाय प्रोलिनचं कडं मागच्या वळशातल्या 3 च्या CO ला अडतं, त्यामुळे तिथे हेलिक्स वाकते किंवा तुटते.

मागच्या बाकावरून अंबरनाथहून येणारी मुलगी उठली आणि पुढे येऊन पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, प्रोलिन 3 वर असेल तर? 3 चा NH तर रिकामाच आहे. काय बिघडणार?”

वर्ग गप्प झाला. मी म्हटलं, “तूच खोड बघू, कोणती रेघ जाते ते.” तिला खोडायला रेघच सापडेना. मागे वळसाच नाही, म्हणून कडं अडायलाही काही नाही.

मग “खऱ्या प्रथिनात बघूया” म्हणून प्रोजेक्टर लावला आणि 1MBN या क्रमांकाची प्रथिनरचना उघडली. हे स्पर्म व्हेलचं मायोग्लोबिन: 153 आम्लं आणि A ते H अशा आठ हेलिक्स. प्रोलिन चारच आहेत: 37, 88, 100 आणि 120. मुलांनी एकेक जागा तपासली. 37 हे C हेलिक्सचं दुसरं आम्ल निघालं, 88 हे F चं तिसरं आणि 100 हे G चं पहिलंच. 120 तर G आणि H यांच्यामधल्या वळणात. हेलिक्सच्या मधोमध एकही नाही. ती मुलगी पडद्याजवळ जाऊन पुन्हा मोजून आली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला भरून आलं.

म्हणून वहीतलं वाक्य आम्ही बदललं: पहिल्या वळशात प्रोलिन चालतं, मधल्या वळशांत नडतं. नडतं म्हणजे दर वेळी मोडतंच असंही नाही. पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या हेलिक्सच्या मधोमध प्रोलिन सापडतं; तिथे हेलिक्स वाकते, पण टिकून राहते.

“मग बीटा शीटमध्ये कितवा NH?” एकाने विचारलं. बीटा शीट म्हणजे साखळीचे ताणलेले तुकडे, म्हणजेच स्ट्रँड, शेजारी-शेजारी लागून झालेला पत्रा. तिथे ‘चौथा’ असा ठरलेला आकडा नाही, कारण जोडीदार शेजारच्या स्ट्रँडमध्ये असतो आणि तो साखळीत कितीही दूरचा असू शकतो. दोन पट्ट्या उलट दिशांनी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की एका आम्लाचे NH आणि CO दोन्ही शेजाऱ्याकडे वळतात, तर पुढच्याचे दोन्ही विरुद्ध बाजूला. म्हणून एकट्या स्ट्रँडला आधार नाही. मधल्या स्ट्रँडला दोन्हीकडून शेजारी हवेत, आणि कडेच्या स्ट्रँडचे निम्मे गट बाहेरच्या बाजूला मोकळे राहतात. मधल्या स्ट्रँडमध्ये प्रोलिन आलं तर त्याच्या जागचा बंध हमखास जातो.

पुढचं त्या मुलीनेच सांगितलं: “कडेच्या स्ट्रँडवर, बाहेर तोंड केलेल्या जागी मात्र बसेल.” तासाची घंटा झाली तरी ती दोन्ही पट्ट्या सरकवत ती जागा शोधत होती. तिसरी पट्टी मी कापून दिली.