‘अर्जंट नाही’ असं लिहिलेला मेसेज

आमच्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर फोनशेजारी काचेखाली एक कागद आहे. फोनवर काय विचारायचं, कोणत्या क्रमाने विचारायचं आणि कोणत्या उत्तराला काय करायचं, हे त्यावर डॉक्टरांनी लिहून दिलंय. आम्ही त्याला नुसतं ‘कागद’ म्हणतो. नव्या मुलीला कामावर घेतलं की मी आधी तिला हा कागद मोठ्याने वाचायला लावते. त्यात ‘अर्जंट आहे का?’ हा प्रश्न कुठेच नाही, हे फार थोड्याजणींच्या लक्षात येतं.

तो मुद्दाम टाळला आहे. असं विचारलं की भिडस्त माणूस हमखास ‘नाही नाही, तसं काही नाही’ म्हणतो आणि ज्याला फक्त रिपोर्ट दाखवायचाय तो ‘हो, फार अर्जंट’ म्हणतो. शिवाय अर्जंट काय आहे ते ठरवणं हे त्याचं कामच नव्हे. माझंही नाही. मी फक्त दिसणाऱ्या, जाणवणाऱ्या गोष्टी विचारायच्या आणि कागद सांगेल तसं पुढे पाठवायचं.

त्या दिवशीचा मेसेज सकाळच्या गर्दीत आला होता. ‘मुलीचं डोकं दुखतंय. उद्या संध्याकाळची वेळ मिळेल का? अर्जंट नाही.’ उद्या संध्याकाळी जागा होती. ‘साडेसहाला या’ एवढं टाइप केलं असतं तर मिनिटभरात काम संपलं असतं. पण कागदावर मेसेजसाठी वेगळा नियम आहे. मेसेजमध्ये वेळ बदलणं, सर्टिफिकेट, जुनी चिठ्ठी असं काही असेल तर मेसेजनेच उत्तर द्यायचं. त्रासाचा एक जरी शब्द असेल तर उत्तर टाइप करायचं नाही, फोन करायचा. मेसेजमधला माणूस आपल्याला हवं तेवढंच सांगतो. त्याचा आवाज ऐकू येत नाही, धाप ऐकू येत नाही, आणि आपण उलट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो तासाभराने देऊ शकतो.

म्हणून फोन केला. आईंनी उचलला. सुरुवात ठरलेलीच असते. रुग्णाचं नाव, वय, हाच नंबर चालू आहे ना, आणि आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात. पत्ता इतक्या लवकर कशाला, असं बरेचजण विचारतात. मध्येच फोन कटला किंवा समोरचा माणूस घाबरून बोलेनासा झाला, तर ॲम्ब्युलन्स पाठवायला तोच लागतो. त्यानंतर लाल प्रश्न एका दमात विचारायचे. छातीत दुखतंय का, श्वास घ्यायला त्रास होतोय का, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही किंवा बोलणं अडखळतंय असं आहे का, झटका आलाय का, शुद्ध हरपली होती का, रक्तस्राव थांबत नाहीये का. एकालाही ‘हो’ आलं तर पुढचं काही विचारायचं नाही, थेट डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स. फोन होल्डवर टाकायचा असेल तरी हे प्रश्न झाल्याशिवाय टाकायचा नाही.

आईंनी सगळ्याला ‘नाही’ म्हटलं. इथे बऱ्याच ठिकाणचे प्रश्न संपतात. आमच्या कागदावर यापुढे तीन प्रश्न आहेत, कारण काही माणसांच्या बाबतीत साधी तक्रारही साधी धरायची नसते. बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे का? (असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर वाट बघायची नाही.) रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आणि बाईमाणूस असेल तर, दिवस गेलेत का किंवा गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालंय का?

‘हो, बाळ आठ दिवसांचं आहे,’ आई म्हणाल्या. ‘रात्रभर झोप नाही हो तिला, म्हणूनच दुखतंय डोकं.’

कारण अगदी पटण्यासारखं होतं. पण कारण लिहून घ्यायचं नसतं, तक्रार लिहून घ्यायची असते. मी म्हटलं, ‘काकू, फोन जरा ताईंकडे देता?’ रुग्ण बोलू शकत असेल तर त्याच्याशीच बोलायचं, ही कागदावरची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. मधला माणूस प्रेमापोटी काही गोष्टी गाळतो.

ताईंचा आवाज थकलेला होता, पण वाक्यं पूर्ण येत होती. बाळंतिणीच्या डोकेदुखीसाठी कागदावर वेगळा चौकोन आहे, तो समोर धरून विचारलं. कधीपासून? काल दुपारपासून. गोळी घेतली? पॅरासिटामॉल दोनदा घेतली, फरक नाही. डोळ्यांपुढे काही होतं का? ‘चमकल्यासारखं होतं, मोबाइलवरची अक्षरं नीट दिसत नाहीत.’ पोटात वरच्या बाजूला, बरगड्यांखाली दुखतं का? ‘सकाळपासून दुखतंय, पण ते पित्त असेल.’ चेहरा किंवा हात सुजलेत? अंगठी निघत नाही म्हणाल्या. बीपी गरोदरपणात नॉर्मल होतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

हे सगळं मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं. ‘दृष्टिदोष’ असं लिहायचं नाही, ‘अक्षरं नीट दिसत नाहीत’ असंच लिहायचं, शेजारी वेळ टाकायची. मग ते त्यांना वाचून दाखवलं आणि ‘फोन ठेवू नका’ सांगून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. लाल चिठ्ठी असेल तर आत पेशंट असला तरी दार वाजवायचं, ही परवानगी आधीच दिलेली आहे. ती नसती तर माझ्यासारखी बाई दारातच घुटमळली असती.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि फोन स्वतःकडे घेतला. क्लिनिकमध्ये यायचं नाही, ॲम्ब्युलन्सने थेट बाळंतपण झालं त्याच हॉस्पिटलात जायचं, बाळालाही सोबत न्यायचं, वाटेत एकटं राहायचं नाही. मला त्यांनी तिथल्या प्रसूती विभागाला आधी कळवायला सांगितलं. मी तीच चिठ्ठी फोनवर जशीच्या तशी वाचली. पंधरा मिनिटांनी घरी परत फोन करून ते निघाल्याची खात्री केली. ही शेवटची पायरी घाईत बहुतेकदा सुटते. ‘जा’ सांगितलं म्हणजे माणूस गेला, असं आपण धरून चालतो.

हॉस्पिटलात त्यांचं बीपी १७४/११२ भरलं. बाळंतपणानंतर होणारा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी धोकादायक वाढण्याचा आजार. बीपीचा वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, की ते तीव्र धरतात आणि उपचारांना थांबत नाहीत, कारण पुढे झटके येऊ शकतात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्यांना बीपी उतरवायची औषधं आणि झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं, की गरोदरपणात बीपी नॉर्मल असलेल्या बाईलाही हे बाळंतपणानंतर होऊ शकतं, आणि ते मुख्यतः पहिल्या काही दिवसांत दिसतं. नेमके तेच दिवस जागरणाचे, त्यामुळे डोकेदुखीचं खापर झोपेवर फुटतं. काही दिवसांनी ताई घरी गेल्या.

कागदाला मर्यादा आहेत, त्याही सांगते. तो जरा जास्तच सावध आहे. बाळंतिणीची डोकेदुखी बऱ्याचदा खरोखरच झोपेची निघते आणि डॉक्टरांना मधूनच उठावं लागतं. रिपोर्टसाठी फोन करणारे एवढ्या प्रश्नांनी चिडतात, त्यांच्यासाठी एक वाक्य ठरलेलं आहे: ‘हे मी प्रत्येकाला विचारते, अर्धं मिनिट द्या.’ आणि सगळी उत्तरं ‘नाही’ आली तरी ‘काही नाही, बरं वाटेल’ हे वाक्य आम्हाला बंद आहे. त्याऐवजी वेळ द्यायची आणि कोणता त्रास वाढला तर वाट न बघता काय करायचं, ते सांगूनच फोन ठेवायचा.

या प्रकारानंतर बदल झाला तो आपोआप जाणाऱ्या उत्तरात. आधी तिथे ‘आपला मेसेज मिळाला, लवकरच संपर्क करू’ असं होतं. ते वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि इकडे मेसेज कुणी उघडलेलाही नसतो. आता तिथे असं आहे: ‘हा नंबर सतत पाहिला जात नाही. कोणताही त्रास होत असेल तर मेसेज करू नका, फोन करा. छातीत दुखणं, श्वासाचा त्रास, झटका, बेशुद्धी किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर आधी ॲम्ब्युलन्स बोलवा. गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर फोनवर तेच पहिल्यांदा सांगा.’